संस्था खरी असेलही, पण खातं कोणाचं?

*सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्यातल्या ज्या मुलांची दप्तरं-पुस्तकं गेली, त्यांच्यासाठी २५,००० रुपये द्यायचं मनात आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर एका ट्रस्टच्या वेबसाइटची लिंक आली. साइट नीटनेटकी आहे, कुलपाचं चिन्ह दिसतं. ८०जी, धर्मादाय नोंदणी, दर्पण असे सगळे क्रमांक छापले आहेत. आधी क्यूआर स्कॅन करून ५०१ रुपये पाठवले, तर नाव एका व्यक्तीचं आलं. फोन केला तेव्हा म्हणाले, ते खजिनदारांचं खातं आहे, ट्रस्टचं खातं अपडेट होतंय. मुलगा न्यू जर्सीत असतो, त्यालाही द्यायचं आहे. उरलेले पैसे पाठवू का?*
*— एक वाचक, नाशिक*

त्या क्यूआरवर आता एक रुपयाही पाठवू नका. ट्रस्ट बनावट आहे असं मी म्हणत नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून ते ठरत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. साइटवर छापलेला प्रत्येक क्रमांक सार्वजनिक असतो. एखाद्या जुन्या, नावाजलेल्या ट्रस्टच्या साइटवरून ते सगळे उचलून आपल्या पानावर डकवायला दहा मिनिटं पुरतात. त्यामुळे ‘क्रमांक खरा आहे का’ एवढंच तपासून थांबलात तर नक्कल करणाराही त्या परीक्षेत पास होतो. तपासायचं ते हे की ज्या संस्थेचे हे क्रमांक आहेत, पैसे तिच्याच खात्यात पडणार आहेत का.

कुलपाचं चिन्ह विसरून जा. तुमच्या फोनपासून त्या साइटपर्यंत जाणारी माहिती मधल्या कुणाला वाचता येणार नाही, एवढंच ते सांगतं. साइट कुणाची आहे याच्याशी त्याचा संबंध नाही आणि ते प्रमाणपत्र फुकट मिळतं. `.org` किंवा `.org.in` हा पत्ताही कुणीही विकत घेऊ शकतो. सर्वसामान्याला घेता येत नाही तो `.gov.in`. म्हणून मुख्यमंत्री सहायता निधीच्या नावाने लिंक आली तर पत्त्याचा शेवट `maharashtra.gov.in` असा आहे ना, एवढं बघितलं तरी बरंच काम होतं. मात्र ‘शेवट’ म्हणजे पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगेच आधीचा भाग. त्याच्याही आधी कितीही सरकारी वाटणारे शब्द असले तरी त्यांना काही किंमत नाही.

आता क्रमांकांकडे वळू. सुरुवात ८०जीपासून करू, कारण त्यात सगळ्यात जास्त माहिती दडलेली असते. २०२१ पासून आयकर खातं संस्थांना जो नवा मंजुरी क्रमांक देतं, त्याची पहिली दहा अक्षरं म्हणजे त्या संस्थेचा पॅन असतो. नमुन्यासाठी एक मुद्दाम खोटा क्रमांक घेऊ:

```
AAATX0000XF20214
```

यातला `AAATX0000X` हा पॅन. त्यापुढचं `F` हे ८०जीची मंजुरी दाखवतं; याच जागी `E` असेल तर ती संस्थेच्या स्वतःच्या करमाफीची, म्हणजे १२ए गटातली नोंदणी. दोन्ही क्रमांक एकमेकांसारखे दिसतात आणि काही साइट पहिल्याच्या जागी दुसरा छापतात. `E` चा क्रमांक खरा असला तरी त्यावर तुम्हाला वजावट मिळत नाही. त्यापुढे वर्ष येतं.

पॅनचं चौथं अक्षर नीट बघा. ट्रस्टला `T`, कंपनीला `C`, व्यक्तीला `P`. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालच्या ना-नफा कंपन्याही देणग्या घेतात, त्यामुळे `C` दिसलं म्हणून दचकायचं कारण नाही. काही संस्थांना `A` असतं. पण देणगीच्या पावतीवर किंवा मंजुरी क्रमांकात चौथं अक्षर `P` असेल, तर तो कुणा माणसाचा पॅन आहे. विषय तिथेच संपतो.

साइटवर मंजुरीच्या आदेशाचं चित्र लावलेलं असेल तर त्यातली मुदतही वाचा. ती करनिर्धारण वर्षात लिहिलेली असते, म्हणून गोंधळ होतो. ‘२०२२-२३ ते २०२६-२७’ असं लिहिलं असेल, तर ती मंजुरी ३१ मार्च २०२६ पर्यंत दिलेल्या देणग्यांनाच लागू आहे. पुष्कळ जुन्या संस्थांची मुदत अशीच आहे, कारण २०२१ मध्ये सगळ्यांना नव्याने नोंदणी करावी लागली आणि मंजुरी पाच वर्षांची मिळाली. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांपर्यंतची तात्पुरती मंजुरी मिळते. तेव्हा तुमची देणगी मुदतीनंतरची असेल तर नूतनीकरणाचा आदेश मागून घ्या. ‘८०जी कायमस्वरूपी वैध’ असं लिहिलेलं, २००९-१० च्या सुमाराचं जुनं पत्र अजूनही काही साइटवर लटकलेलं दिसतं. ते आता चालत नाही. त्यात लबाडीच असते असं नाही. बहुतेकदा साइट बनवून देणारा कार्यकर्ता निघून गेलेला असतो आणि नंतर कुणी हात लावलेला नसतो. (नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, पण संस्था आणि देणगीदार दोघंही अजून ‘८०जी’च म्हणतात, म्हणून इथेही तेच ठेवलं आहे.)

पॅन हाती लागला की आयकर खात्याच्या `incometaxindia.gov.in` या साइटवर करमुक्त संस्थांच्या यादीत तो शोधा. तिथे आलेलं संस्थेचं नाव कागदावर अक्षरन् अक्षर उतरवून घ्या. ‘प्रतिष्ठान’ आहे की ‘फाउंडेशन’, नावाच्या शेवटी गावाचं नाव आहे का, हे सगळं. पुढे खात्याचं नाव जुळवताना हेच लागणार आहे.

महाराष्ट्रातल्या ट्रस्टसाठी दुसरी नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली. तिचा क्रमांक एक अक्षर, एक आकडा आणि कंसात जिल्हा असा असतो. सर्वसाधारण धर्मादाय ट्रस्टला ‘ई’, सोसायटी म्हणून नोंदलेल्या संस्थेला ‘एफ’. जिल्ह्याशिवाय हा क्रमांक अपुरा आहे, कारण तोच आकडा दुसऱ्या जिल्ह्यात वेगळ्या संस्थेचा असू शकतो. साइटवर नुसताच ‘रजि. नं. ई-अमुक’ असेल तर कुठल्या कार्यालयाचा, ते विचारा. `charity.maharashtra.gov.in` वर ट्रस्ट शोधायची सोय आहे, पण जुन्या नोंदी तिथे सापडतीलच असं नाही. न सापडल्यास संबंधित धर्मादाय कार्यालयात अर्ज करून परिशिष्ट एकचा उतारा घेता येतो. त्यात नाव, पत्ता, विश्वस्त आणि मालमत्ता असते. इथे एका गोष्टीने फसू नका. साइटवरचे विश्वस्त आणि उताऱ्यातले विश्वस्त जुळले नाहीत म्हणजे संस्था खोटी, असं नव्हे. विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो आणि तो मंजूर व्हायला कधी कधी वर्षं लागतात. दोन-तीन जुनी नावं समान असली तर ते नेहमीचंच. एकही नाव जुळत नसेल तर मात्र विचारणा करा.

दर्पण क्रमांकावर लोक नको इतका भरवसा ठेवतात. नीती आयोगाच्या `ngodarpan.gov.in` वर संस्था आपली माहिती स्वतःच भरते. सरकारने काम तपासून शिक्का मारला, असा त्याचा अर्थ होत नाही. तरी त्याचा एक उपयोग आहे. क्रमांक `MH/2017/` अशा धर्तीवर सुरू होतो, म्हणजे राज्य आणि दर्पणवर नोंद झाल्याचं वर्ष कळतं. आणि तिथे बहुधा संस्थेचा पत्ता व संपर्क मिळतो.

आपल्याला हवा आहे तो हाच संपर्क. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या साइटवरचा फोन लावून ‘तुम्ही खरे का’ असं विचारलं, तर समोरचा हो म्हणणारच. तुमच्याबाबतीत तेच झालंय. खजिनदारांचं खातं असल्याची खात्री ज्याने दिली, तो त्याच साइटवरचा माणूस होता. फोन क्रमांक दर्पणवरून, धर्मादाय नोंदीतून किंवा संस्थेच्या जुन्या छापील अहवालातून घ्या. तो लावून दोनच प्रश्न विचारा: ही वेबसाइट तुमची आहे का, आणि देणगी कोणत्या नावाच्या, कोणत्या बँकेतल्या खात्यावर घेता. साइटचा पत्ता अक्षर अक्षर उच्चारून सांगा, कारण नक्कल बहुधा एका अक्षराची किंवा एका आडव्या रेघेची असते. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधीचा खरा यूपीआय आयडी `pmcares@sbi` होता आणि फसवणाऱ्यांनी `pmcare@sbi` काढला होता. एका s ची चोरी.

यूपीआय आयडी कसाही बनवून घेता येतो. त्यात ट्रस्टचं नाव आहे म्हणून खातं ट्रस्टचं ठरत नाही. भरवसा ठेवायचा तो पिन टाकण्याआधी पडद्यावर येणाऱ्या नावावर. हे नाव बँकेच्या नोंदीतलं असावं, असं राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने २०२५ च्या मध्यापासून अ‍ॅपना बंधनकारक केलं आहे. एनईएफटी आणि आरटीजीएससाठीही रिझर्व्ह बँकेने अशीच सोय करायला लावली. खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकून नवा लाभार्थी जोडताना खातेदाराचं नाव बघता येतं. म्हणजे खातं कोणाचं, हे कळायला आधी पैसे पाठवायची गरजच नाही. तुमच्या अ‍ॅपने ते नाव दाखवलं होतं. ५०१ रुपये पाठवण्याआधी तिथेच थांबायला हवं होतं.

साइटवर क्यूआरऐवजी पेमेंट गेटवेचं पान उघडलं, तरी नियम हाच. गेटवेचा लोगो म्हणजे संस्थेबद्दलची हमी नाही. गेटवे कंपनी पैसे घेणाऱ्याची कागदपत्रं तपासते, पण तो माणूस कपडे विकतो की देणगी गोळा करतो, यावर तिची रोज नजर नसते. पैसे घेणाऱ्याचं म्हणून जे नाव त्या पानावर येतं, ते तुम्ही उतरवून घेतलेल्या नावाशी जुळवा. क्यूआरचं नुसतं चित्र डकवलेलं असेल तर आणखी सावध राहा. साइटमध्ये कुणी घुसखोरी केली तर खऱ्या ट्रस्टच्या खऱ्या पानावरही ते चित्र बदलता येतं.

‘खजिनदारांचं खातं’ हे कारण प्रामाणिक माणसंही देतात, हे मान्य करायला हवं. ट्रस्टच्या नावाने खातं उघडायचं किंवा सह्या बदलायच्या तर विश्वस्त मंडळाचा ठराव, नोंदणीचे कागद आणि सगळ्यांची ओळखपत्रं लागतात. पूर आल्यावर एवढा वेळ कुणाकडे नसतो. म्हणून गावातला उत्साही कार्यकर्ता आपलाच क्यूआर पुढे करतो. पण त्या खात्यात पडलेली रक्कम ट्रस्टच्या हिशोबात येईलच याला कागदोपत्री आधार काहीच नाही. ती आली नाही तर ट्रस्टला ती आयकर खात्याला कळवायच्या देणग्यांच्या विवरणात दाखवता येत नाही. विवरणात नाव नाही, तर तुम्हाला देणगीचं प्रमाणपत्र नाही आणि वजावटही नाही. साधी पावती पुस्तकातली पावती त्यासाठी पुरत नाही. ज्या वर्षी देणगी दिली ते आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत संस्थेने विवरण भरून ‘१०बीई’ नावाचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. (तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर ८०जीची वजावट नाहीच, मग त्या क्रमांकाचा उपयोग फक्त संस्था ओळखण्यापुरता.)

साइट कधी जन्मली, हेही बघण्यासारखं आहे. `lookup.icann.org` वर साइटचा पत्ता टाकला की तो कधी नोंदवला ते दिसतं. `.in` ने संपणाऱ्या पत्त्यांसाठी `registry.in` बघा. मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असतं, ते सोडून द्या, तारीख बघा. ट्रस्ट १९९८ चा आणि साइट पुरानंतर आठवडाभराने नोंदवलेली, असं दिसलं तर जुनी साइट कुठे गेली असा प्रश्न पडतो. `web.archive.org` वर जुन्या प्रती मिळाल्या तर बँकेचे तपशील तेव्हा काय होते तेही कळतं. निव्वळ नवी साइट हा गुन्हा नव्हे. पुरासाठी वेगळं पान काढणाऱ्या चांगल्या संस्थाही असतात. पण त्यांच्या मूळ साइटवर त्या पानाची लिंक असते. ती नसेल तर काहीतरी खटकतंय असं समजा.

आता मुलाबद्दल. त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल, तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली त्याची देणगी परदेशी समजली जात नाही. तो तुमच्यासारखाच ट्रस्टच्या नेहमीच्या खात्यात पैसे देऊ शकतो. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड असूनही तो कायद्याच्या दृष्टीने परदेशी देणगीदार आहे. मग ट्रस्टकडे एफसीआरए नोंदणी हवी आणि ती चालू आहे का ते `fcraonline.nic.in` वर बघायचं. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे पहिल्यांदा एकाच ठिकाणी येऊ शकतात, ते म्हणजे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं त्या संस्थेचं एफसीआरए खातं. इथेच साइट पारखायची एक चांगली खूण मिळते. ज्यांना नियम माहीत असतात, त्यांच्या देणगीच्या पानावर नागरिकत्व विचारलेलं असतं आणि परदेशी नागरिकांसाठी वेगळा रस्ता असतो. डॉलर सरसकट घेणारी, पासपोर्टबद्दल अवाक्षर न काढणारी साइट एकतर कायद्याबाबत बेफिकीर आहे किंवा तिचा कायद्याशी संबंधच नाही. आणि मुलाला अमेरिकेतल्या करात सवलत हवी असेल तर भारतातल्या ट्रस्टला थेट दिलेल्या पैशावर ती मिळत नाही. त्यासाठी तिथेच नोंदलेली संस्था लागते.

इथवर जे झालं त्यातून ओळख पटते. काम कसं आहे ते कळत नाही. २५,००० रुपये द्यायचे तर शेवटच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल मागायला संकोच करू नका. महाराष्ट्रातल्या ट्रस्टचं उत्पन्न-खर्चाचं पत्रक ठरावीक नमुन्यात, परिशिष्ट नऊमध्ये असतं. त्यात ‘ट्रस्टच्या उद्दिष्टांवरील खर्च’ ही ओळ शोधा; शिक्षण, वैद्यकीय मदत, गरिबांना साहाय्य असे तिचे पोटभाग पाडलेले असतात. साइट सांगते की आम्ही दहा वर्षं शाळांसाठी राबतोय आणि पत्रकात शिक्षणासमोर शून्य असेल, तर खुलासा मागा. आस्थापना खर्च दिसला की तोंड वाकडं करू नका. पगार, भाडं आणि लेखापरीक्षकाची फी न देता चालणारी संस्था विरळाच. उलट ‘तुमचा शंभर टक्के पैसा मुलांपर्यंत’ ही घोषणा मला जास्त खटकते. ऑनलाइन देणगीवर गेटवेचा आकार तरी कापला जातोच. तो कोण भरतं, ते त्यांनी सांगावं.

अहवालावर सनदी लेखापालाच्या सहीखाली अठरा आकडी-अक्षरी यूडीआयएन असतो. `udin.icai.org` वर तो टाकला की त्या क्रमांकाने कोणता दस्तऐवज नोंदला गेला ते कळतं. अहवाल संगणकावर बनवून खाली कुणाचीही सही चिकटवली असेल तर इथे उघडं पडतं. हे करायला पाच मिनिटं लागतात, तरी देणगीदार सहसा करत नाहीत.

तुमच्या ५०१ रुपयांचं काय करायचं ते आता. दर्पणवरून मिळालेल्या क्रमांकावर ट्रस्टला फोन करा आणि त्या रकमेची पावती मागा. पावतीवर ट्रस्टचं पूर्ण नाव, पॅन, ८०जी क्रमांक, अनुक्रमांक आणि तारीख हवी. त्यासाठी तुमचं नाव, पत्ता आणि पॅन क्रमांक पुरे; आधारचा फोटो किंवा ओटीपी मागितला तर देऊ नका. ट्रस्टने साइट आपलीच असल्याचं सांगितलं, तर उरलेली रक्कम क्यूआरवर न देता ट्रस्टच्या नावाच्या खात्यात एनईएफटीने भरा किंवा ट्रस्टच्या नावे रेखांकित धनादेश द्या. नाव पडद्यावर जुळलं तरच. ‘ही साइट आमची नाही’ असं उत्तर आलं, तर लगेच १९३० वर फोन करा, `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा आणि यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक बँकेला कळवा. रक्कम लहान म्हणून सोडू नका. तेच खातं आणखी किती जणांकडून पैसे घेतंय ते तुमच्या तक्रारीवरून कळू शकतं, आणि पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं. साइटचे आणि क्यूआरचे स्क्रीनशॉट पत्त्यासकट आजच काढून ठेवा. चौकशी सुरू झाली की अशी पानं सगळ्यात आधी गायब होतात.